क्वालिटीवाले नाना

आमच्या सोसायटीतले नाना चिंचवडच्या एका कारखान्यात 32 वर्षं क्वालिटीत होते. निरोपसमारंभात मिळालेलं घड्याळ त्यांनी घरी आल्याआल्या तपासलं आणि नापास केलं. त्यानंतर घरात तपासायला फक्त काकू उरल्या होत्या, पण त्यांनी वेळीच दम भरला. तेव्हापासून नाना जुन्या वस्तू ऑनलाइन विकतात. माल मुलाकडून येतो. तो बंगळुरूला असतो. दर दिवाळीला एक बॅग भरून जुने फोन आणि न होणारे शर्ट आणतो आणि बॅगेसकट विसरून जातो.

लोकांच्या जाहिराती कशा असतात हे आपल्याला माहीत आहे. ‘एकदम नवीन कंडिशन, अर्जंट सेल’ असं लिहितात आणि सोबत कंपनीच्या साइटवरून उचललेला फोटो टाकतात. नानांची जाहिरात शवविच्छेदनाच्या अहवालासारखी असते. ‘वापर 2 वर्षे 7 महिने. स्क्रीनच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात 4 मिलिमीटरचा ओरखडा, नखाला लागत नाही. खालच्या कडेला एक पोचा (फोटो क्र. 5, शेजारी रुपयाचे नाणे ठेवले आहे). चार्जिंगची पिन थोडी हलते.’ ‘नखाला लागत नाही’ हे त्यांचं लाडकं वाक्य. ओरखड्यावरून नख फिरवायचं. नख अडकलं नाही तर तो वरवरचा, अडकलं तर काचेत उतरलेला, आणि दोन्हींची किंमत वेगळी.

परवा मी गेलो तेव्हा दिवाणखान्यात अंधार होता. दिवे गेले म्हणून मी काळजीने हाक मारली, तर आतून आवाज आला, “दार लाव रे, उजेड येतोय!” नाना फोनवर कोरी पांढरी पाटी उघडून तिच्याकडे डोळे बारीक करून बघत होते. जुन्या स्क्रीनवर एखादं चित्र सतत राहिलं तर त्याचा पुसट डाग कायमचा उमटतो, आणि तो अंधारात, पांढऱ्यावर चटकन दिसतो. मग त्यांनी एक आयकॉन बोटाखाली धरून स्क्रीनभर नांगरासारखा फिरवला. मध्येच सुटला असता तर तिथला टच मेलेला. दोन्ही खाचांत सिम घालून मला फोन लावला. मी समोरच्या खुर्चीत बसून “हॅलो, ऐकू येतंय” म्हणालो. पूर्ण चार्ज करून तासभर व्हिडिओ चालवला तर बॅटरी 23 टक्के उतरली. ते आकडे वहीत गेले. आणि मग तोच व्हिडिओ काकूंना बघावा लागला, कारण एका चाचणीवर नानांचा विश्वास नाही.

किमतीचा प्रश्न निघाला तेव्हा मी भाबडेपणाने म्हणालो, “बाकीचे लोक 9,000 मागताहेत.”

“मागताहेत! मिळालेत का?” नाना उसळले. त्यांनी वही काढली. तसल्याच फोनच्या जाहिराती ते तीन आठवडे रोज पाहत होते. 9,000 वाल्या पाचही तिथेच लटकलेल्या होत्या, 7,000 च्या आसपासच्या आठवड्यात उतरलेल्या. “मागितलेली किंमत ही इच्छा असते. उतरलेली जाहिरात हा पुरावा.” मुलाने तो फोन 18,000 ला घेतला होता हे सांगायला गेलो तर त्यांनी हातानेच थांबवलं. घेणाऱ्याला त्याच्याशी काय करायचंय? त्याला दुकानात आज 12,000 ला याहून बरा फोन सीलबंद मिळतो, वॉरंटीसह. त्याने नानांच्या दारात यायचं तर फरक मोठा हवा. म्हणून 7,000 वरून सुरुवात. बॅटरी लवकरच बदलावी लागेल, तिचे 1,200 वजा. पिनचे 300 वजा. बिल आणि खोकं आहे, त्याचे 300 वाढवले. बिलाला पैसे कशाचे, तर फोन चोरीचा नाही हे त्याच्यावरून कळतं. *#06# दाबल्यावर येणारा नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळला पाहिजे. बेरीज झाली 5,800. घासाघीस होणारच म्हणून 6,200 लिहायचे, असं मी सुचवलं. नानांनी रात्रभर विचार केला. चारशे रुपयांचं खोटं त्यांना झेपेना. शेवटी त्यांनी 6,200 लिहिलं आणि पुढे कंसात ‘400 घासाघिशीसाठी’ असंही लिहिलं.

पहिला फोन आला तो ‘मी सैन्यात आहे, बदली झालीय, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील’ असा. “पैसे घ्यायला पिन लागत नाही,” नाना म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. दुसरा ग्राहक खरा होता, चाकणहून मोटारसायकलवर आलेला मुलगा. त्याने जाहिरात दोनदा वाचली, फोन उलटासुलटा केला आणि हळूच विचारलं, “काका, एवढं सगळं खरं लिहिलंय म्हणजे आणखी मोठं काहीतरी लपवलंय का?”

नानांचा चेहरा पाहवेना. काकूंनी चहा टाकला. त्याने 5,800 दिले तेव्हा नानांनी त्याच्यासमोर आधी आपलं गूगल खातं काढलं आणि मगच फोन कोरा केला. नुसता कोरा केला असता तर सुरू करताना फोनने कदाचित नानांचाच पासवर्ड मागितला असता, आणि मुलगा चाकणहून परत आला असता.

कपड्यांची प्रतवारी त्यांनी स्वतःच बसवलीय. दुसऱ्याच्या लग्नात घालता येईल तो अ, ऑफिसात चालेल तो ब, दूध आणायला जाता येईल तो क. शर्ट खिडकीच्या उजेडात धरून कॉलर आणि कोपर विरलेत का पाहायचं. लेबलावरच्या ‘एल’ला अर्थ नाही, धुऊन धुऊन सुती कापड आटतं, शर्ट पलंगावर सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत टेपने मोजायचं आणि ते इंच लिहायचे. फोटो दिवसा गॅलरीत, कारण ट्यूबलाइटखाली विटका काळाही काळाच दिसतो. डांबरगोळ्यांचा वास फोटोत येत नाही, म्हणून तोही लिहायचा.

या सगळ्यात एकच वस्तू अशी आहे जिथे नानांचा तराजू झुकतो. त्यांच्या लग्नातला कोट. जाहिरातीत त्याचे 11 दोष आहेत, दर्जा ‘ब’, आणि किंमत 4,000. वर्षभर लटकलाय. “इच्छा की पुरावा?” असं मी विचारलं तर नानांना अचानक कमी ऐकू यायला लागलं.

गेल्या आठवड्यात बोहारीण आली. हल्ली ती क्वचितच येते. काकूंनी गठ्ठा काढला, आणि नानांना न सांगता त्यात कोटही घातला. नाना धावत बाहेर आले. “बाई, तो नाही! तो ब आहे!”

बोहारणीने ब-क काही विचारलं नाही. तिने कोट झर्रकन उलटा केला, अस्तर बोटांत चोळलं, काखेची शिवण ताणली, कॉलर उचलून तिच्याखाली अंगठा फिरवला, आणि अंगठ्याचं टोक भोकातून काढून नानांना दाखवलं.

“कसर लागलीय, बाबा. त्या तीन पँटा टाका, मग हा स्टीलचा डबा.”

नाना खाली वाकून ते भोक बराच वेळ बघत राहिले. “32 वर्षं,” ते पुटपुटले, “आमच्या खात्यात असा एक माणूस नव्हता.” मग त्यांनी कोट तिच्या हातातून घेतला, घडी घातली, चष्मा शोधला आणि टेप आणायला आत गेले.

संध्याकाळी मी जाहिरात उघडली. कोट तिथेच होता. बारावा दोष वाढला होता: ‘कॉलरखाली भोक, व्यास 9 मिलिमीटर.’ किंमत 4,000.