आमच्या घराण्याचे सेक्शन कंट्रोलर

ज्या घरातली पोरे तीन खंडांत पांगली आहेत, त्या घरात एक नानाकाका असतातच. नात्याने ते कोणाचेही काका असू शकतात. वय सत्तरीच्या आसपास, गुडघे कुरकुरणारे, पण सॅन होजेत आता किती वाजले हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगणार. आमचे नानाकाका नागपूरच्या महालात राहतात आणि नोकरीभर रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर होते. त्यामुळे रोग जरा जास्तच मुरलेला.

इतर घरांतले काका काय करतात? ग्रुपवर टाकतात, ‘उद्या ८ वाजता सर्वांनी जमावे.’ कोणाचा उद्या, कुठले आठ, सकाळचे की रात्रीचे, हे ज्याने त्याने आपल्या मगदुराप्रमाणे समजून घ्यायचे. मग एडिसनचा भाचा एकटाच स्क्रीनकडे बघत बसतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे मिळून त्यालाच म्हणतात, तू आला का नाहीस?

नानाकाका असे करत नाहीत. ते आधी चार्ट काढतात. कंट्रोल ऑफिसात आडवी वेळ आणि उभी स्टेशने मांडून प्रत्येक गाडीची तिरपी रेघ ओढतात, तोच कागद. फक्त वर्धा, सेवाग्रामच्या जागी सॅन होजे, एडिसन, लंडन, नागपूर, सिडनी. ज्याची जी झोपेची वेळ, तेवढा भाग शिसपेन्सिलीने काळा करायचा. झोप म्हणजे रात्री अकरा ते सकाळी सहा, असा त्यांचा हिशेब. तुळशीच्या लग्नाच्या कॉलसाठी त्यांनी हा चार्ट केला आणि चष्मा कपाळावर सरकवून जाहीर केले, “चोवीस तासांत एक उभा पट्टा पांढरा नाही ना भाऊ. कधीही फोन लाव, कोणी ना कोणी झोपूनच राहिला असते.”

हे शंभर टक्के खरे आहे. म्हणून ‘सर्वांना सोयीची वेळ’ हा शब्दप्रयोग त्यांच्या घरात बंद. एकेरी लाइनवर समोरासमोर गाड्या आल्या की एकीला लूप लाइनवर थांबावेच लागते; प्रश्न एवढाच की कोणाला, आणि मागच्या वेळी कोण थांबले होते. त्याची नोंद ते एका जुन्या डायरीत ठेवतात. रकान्याचे नाव ‘झोपमोड’.

लोकांना ते ‘कधी जमेल?’ असेही विचारत नाहीत. पुतणी म्हणणार, “काका, तुम्ही म्हणाल तेव्हा.” हे वाक्य खोटे असते हे कंट्रोलरला कळते. ते विचारतात, “काल किती वाजता झोपली? पोरगं किती वाजता उठते?” या दोन उत्तरांवर वेळ ठरते, प्रेमावर नाही.

आता २ नोव्हेंबर २०२५ चीच गोष्ट घ्या. रविवार, तुळशीचे लग्न. आजीचा हट्ट संध्याकाळच्या मुहूर्ताचा, म्हणून साडेसहा ठरले. सॅन होजेची वेळ काढायची तर आपल्या वेळेतून साडेबारा तास वजा, हे घरातल्या शेंबड्या पोराला पाठ. म्हणजे तिकडे सकाळचे सहा. शनिवारी थोरल्या सूनबाईने फोनवरचे जागतिक घड्याळ उघडून खात्रीही करून घेतली. फरक साडेबारा तासच होता.

नानाकाका म्हणाले, “तुझं घड्याळ आजचं सांगून राहिलं, सूनबाई. लग्न उद्या आहे.”

अमेरिकेतली बहुतेक राज्ये नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ तासभर मागे घेतात, आणि तो रविवार नेमका हाच होता. सकाळी आपण पोहे खात असताना फरक साडेबारा तासांचा, संध्याकाळी तुळशीपाशी ऊस बांधताना साडेतेरा. म्हणजे सॅन होजेत सहा नव्हे, पाच. लंडनने आपले घड्याळ आठवडाभर आधी, २६ ऑक्टोबरलाच मागे घेतलेले. सिडनीने ५ ऑक्टोबरला पुढे ढकललेले, कारण तिकडे उन्हाळा लागत होता. हलले नाही ते फक्त आपले साडेपाच. सिडनीत त्या वेळी बरोबर मध्यरात्र.

मध्यरात्र हे प्रकरण तर आणखी अवघड. आजीच्या लेखी दिवस सूर्योदयाला सुरू होतो, त्यामुळे ‘रविवारी रात्री बारा’ म्हणजे रविवारच. सिडनीच्या वहिनींच्या फोनवर मात्र सोमवार लागलेला असतो. हा घोळ टाळायला काका वार आणि तारीख दोन्ही लिहितात.

“तुळस सकाळी नाही का बोहल्यावर चढत?” असे त्यांनी आजीला भीतभीत विचारून पाहिले. “सकाळी? बाप्पा!” एवढेच उत्तर आले. मग त्यांनी कंट्रोलरचा इलाज केला आणि एक गाडी तोडून दोन केल्या. ग्रुपवर गेलेला मजकूर असा:

‘तुळशीचे लग्न, रविवार २ नोव्हेंबर. नागपूर संध्याकाळी ६.३०. लंडन दुपारी १.००. एडिसन सकाळी ८.००; ही तुमचे घड्याळ मागे गेल्यानंतरची वेळ आहे, पुन्हा वजाबाकी करू नये. सॅन होजेत पहाटेचे ५ आणि सिडनीत मध्यरात्र, म्हणून तुम्ही दोघांनी झोपावे. आजीला सांगून ठेवले आहे, ती रागावणार नाही. मंगलाष्टके ते फराळ वीस मिनिटे. दुसरा कॉल सोमवार ३ नोव्हेंबर, नागपूर सकाळी ७.३०. तेव्हा सॅन होजेत रविवार संध्याकाळचे ६, एडिसनला रविवार रात्रीचे ९, सिडनीत सोमवार दुपारी १, म्हणजे वहिनींची जेवणाची सुट्टी. लंडनला रात्रीचे २ असतील, त्यांनी आदल्या दिवशी हजेरी लावलेली असल्याने झोपावे. न जमल्यास कारण कळवू नये.’

शेवटचे वाक्य वाचून मी त्यांना विचारले, हे कशाला? म्हणाले, “कारण लिहायला लावलं की माणूस खोटं लिहितो, नाहीतर झोप मोडून येतो. दोन्ही वाईट.”

रविवारी साडेसहाला अंतरपाट धरला, अक्षता पडल्या, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात एक काळा चौकोन उगवला. सॅन होजेची पुतणी, कॅमेरा बंद.

“तुला झोपजो म्हटलं होतं ना!” काका मंगलाष्टकांच्या वरच्या पट्टीत ओरडले.

“काका, घड्याळ मागे गेलं ना. माझ्या अंगाला सहाच वाजलेत.”

काकांना हे मनापासून पटले, कारण हिशेब बरोबर होता. तरी डायरीत तिच्या नावापुढे झोपमोडची खूण झालीच, अर्धी.

दुसऱ्या दिवशीच्या कॉलला आजीने सिडनीच्या वहिनींना संत्र्याची बर्फी स्क्रीनला लावून दाखवली आणि तुळशीपुढचे आवळे-बोरे एकेक मोजून दाखवली. लंडनवाला खरोखर झोपला होता, आणि त्याचा नानाकाकांना विशेष अभिमान वाटला. सांगितलेले ऐकणारा माणूस घरात एक तरी निघाला.

सध्या त्यांचा नवा चार्ट तयार आहे. अमेरिकेचे घड्याळ ८ मार्च २०२६ ला पुढे जाते, लंडनचे २९ मार्चला. गुढीपाडवा या दोहोंच्या मधे, १९ मार्चला, तोही गुरुवारी, म्हणजे कामाच्या वारी. त्या तीन आठवड्यांत अमेरिकेचा फरक बदललेला असेल आणि लंडनचा नाही. तुमचेही कोणी दोन्हीकडे असेल, तर गुढी उभारल्याबरोबर फोन लावण्याआधी आपल्या घरच्या नानाकाकांना एकदा विचारून घ्या.