दोन खोल्या तीनदा कशा बांधाव्यात

सोलापुरात घरामागे दोन खोल्या काढताना पैसा कसा जिरवायचा याची पद्धत ठरलेली आहे. आधी स्लॅब टाकावा, मग इलेक्ट्रिशियनला बोलवावे. पंख्याचा हूक आणि पाइप सळई बांधून झाल्यावर, पण काँक्रीट पडण्याआधी टाकायचे असतात, हे तो वर बघत सांगतो आणि छिन्नी काढतो.

ज्यांना हा आनंद नको, त्यांनी उलटे मोजावे. समजा, घरात १० मे रोजी लग्न आहे आणि भिंती उभ्या राहून १ मार्चला स्लॅब पडतो आहे. खोलीचा गाळा दहा फुटांचा. एवढ्या गाळ्याखालचे टेकू साध्या सिमेंटला ७ दिवसांनी काढता येतात. पण हल्लीची बहुतेक पोती पीपीसीची, म्हणजे राख मिसळलेली. ते सिमेंट सावकाश ताकद धरते, शिवाय सोलापूरचे ऊन. म्हणून १४ दिवस टेकूही तसेच ठेवावेत आणि स्लॅबवर वाफे करून पाणीही साठवावे. नळ रोज येत नसेल तर स्लॅब पाण्याच्या वाराच्या आदल्या दिवशी टाकावा. पंचांगातला मुहूर्त पाहणारे हा मुहूर्त मात्र हमखास चुकवतात.

या पंधरवड्यात आत टेकूंचे जंगल असते, त्यामुळे काम होत नाही. मालक येऊन बसतो आणि मिस्त्रीला "काम बंद का?" विचारतो. त्यापेक्षा त्याने फरशी, नळ आणि बटणांच्या जागा ठरवून टाकाव्यात. मागचे ड्रेनेजचे चेंबरही याच दिवसांत उरकते.

१६ ते २० मार्चला भिंतीत चर खोदून वायरिंगचे आणि पाण्याचे पाइप बसतात. पाइपांत दाब देऊन गळती पाहिल्याशिवाय गवंड्याला थापी उचलू देऊ नये. गळका सांधा प्लास्टरखाली गेला की तो पावसाळ्यात भिंतीवर नकाशा काढून स्वतःचा पत्ता सांगतो, आणि तिथवर पोचायला टाइल फोडावी लागते.

२५ मार्चपर्यंत प्लास्टर, त्यावर आठवडाभर पाणी. मग न्हाणीघरात वॉटरप्रूफिंग करून, जाळीचे तोंड बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवावे. पातळी उतरली किंवा बाहेरच्या भिंतीला ओल आली, तर टाइलवाल्याला परत पाठवावे. तो रागावेल, हरकत नाही. सगळे ठीक असेल तर १० एप्रिलपर्यंत फरशी होते.

खरी घाई पुढे सुटते. भिंत हाताला कोरडी लागते, म्हणून पेंटर लगेच पुट्टी भरायला निघतो. आतली ओल मात्र जायला साधारण चार आठवडे लागतात. तोवर रंग दिला की पोपडे सुटतात आणि तोच पेंटर दुसऱ्यांदा मजुरी घेतो. तेव्हा रंग २२ एप्रिलनंतरच. दिवे-पंखे लावून २८ एप्रिलला काम संपते आणि हाताशी १२ दिवस उरतात.

म्हणजे स्लॅब १३ मार्चच्या पुढे जाणार असेल, तर पाहुण्यांसाठी आताच लॉज बघून ठेवावा.