साहेब निघालेत, तोवर…

२७ फेब्रुवारी, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. त्या दिवशी मराठी भाषेवर जेवढं बोललं जातं, त्यातलं निम्मं तरी सूत्रसंचालक बोलतात. वक्ते उरलेल्या वेळात उरकतात. म्हणून यंदा भाषणांऐवजी सूत्रसंचालकाच्या हातातली फाइल वाचावी म्हटलं.

फाइलमध्ये क्रम अगदी चोख असतो: दीपप्रज्वलन, ईशस्तवन, सत्कार, प्रास्ताविक, परिचय, व्याख्यान, आभार. यात एकच गोष्ट लिहिलेली नसते, ती म्हणजे या दोन-दोन गोष्टींच्या मधे काय होतं. प्रत्यक्षात कार्यक्रम तिथेच घडतो.

पत्रिकेत सहाची वेळ. सहाला चिठ्ठी येते, ‘साहेब निघालेत, वाढवा.’ साहेब निघालेत याचा अर्थ साहेब आंघोळीला निघालेत, हे सूत्रसंचालकाला अनुभवाने ठाऊक असतं. तो माइकजवळ जातो. ‘रसिकहो, प्रतीक्षेतसुद्धा एक गोडवा असतो.’ मग दोन चारोळ्या, एक विनोद, पुन्हा चारोळी. पहिल्या रांगेतल्या आजी वेळेवर आल्याबद्दल ही शिक्षा भोगत असतात. सहा पन्नासला साहेब येतात आणि ‘वेळात वेळ काढून’ आल्याबद्दल त्यांचं कौतुक होतं. वेळ कुणाच्या वेळातून काढला, ते आजींना विचारावं.

दीपप्रज्वलन. समईला वाती पाच आणि वर पंखा पूर्ण वेगात. वाती आयत्या वेळी तेलात टाकलेल्या, त्यामुळे टोकं कोरडी. साहेबांनी पहिली वात लावली की अध्यक्षांची विझते. फाइलमध्ये लिहिलंय, ‘ही ज्योत अज्ञानाचा अंधार दूर करो’, आणि ते चार वेळा म्हणावं लागतं. पंखा बंद करा, एवढे तीन शब्द मात्र फाइलमध्ये नसतात.

मग ईशस्तवन. इथला घोळ सगळ्यात शास्त्रशुद्ध. गायिकेची पट्टी काळी चार. पेटीचे सूर पक्के, ते हलायचे नाहीत. जुळवून घ्यायचं तबल्यानेच. दुपारी घरी लावलेला तबला सभागृहाच्या एसीत तासभर बसल्यावर चढलेला असतो, कारण कोरड्या हवेत कातडं ताणलं जातं. तबलजी हातोडी काढून हलके ठोके देतो, कान लावतो, पुन्हा ठोकतो. शांतता मिळाली तर दोन मिनिटांचं काम. पण मंचावर शांतता म्हणजे सूत्रसंचालकाची नाचक्की! तो लगेच पुढे सरसावतो, ‘सूर जुळतात तशी मनंही जुळावीत…’ साउंडवाला त्याचा माइक वाढवतो. तबलजीला आता पेटीही ऐकू येत नाही आणि तबलाही. तो थांबतो. तो थांबला म्हणून सूत्रसंचालक आणखी बोलतो. तो बोलतो म्हणून हा थांबतो. दोन मिनिटांचं काम दहा मिनिटांनी संपतं आणि सूत्रसंचालकाला वाटतं, वेळ काय निभावून नेली!

आयोजकांनाही तेच वाटतं. त्यात खरी मेख आहे.

पुढे सत्कार. मंचावर सात जण. प्रत्येकाचं नाव, सत्कार करणाऱ्याचं नाव, शाल प्लास्टिकमधून सोडवणं, श्रीफळ या हातातून त्या हातात, ‘साहेब, इकडे बघा’, पुन्हा फोटो. माणशी दोन मिनिटं धरली तरी चौदा झाली. प्रास्ताविक आणि तीन ‘थोडक्यात मनोगतं’ संपेपर्यंत आठ वाजतात. सभागृह साडेआठपर्यंतच घेतलेलं.

आता वक्ते. ‘ज्यांच्या परिचयाची गरज नाही’ असं म्हणून सात मिनिटांचा परिचय. तो वक्त्यानेच पाठवलेला असतो, दोन पानी, शालेय पारितोषिकापासून. शिवाय सूत्रसंचालकाने विषयाची तयारी केलेली असते, त्यामुळे वक्ते जे सांगणार होते त्यातलं निम्मं तो भूमिका म्हणून सांगून टाकतो. वक्ते उभे राहतात आणि तिसऱ्याच मिनिटाला त्यांच्यापुढे चिठ्ठी येते, ‘आटपा.’ ‘वाढवा’ ज्या पॅडच्या कागदावर होतं, त्याच पॅडचा कागद.

आठ पंचविसाला आभार. साहेब, अध्यक्ष, मंडपवाला, साउंडवाला, ‘ज्ञात-अज्ञात सर्वांचे’. अज्ञातांत सूत्रसंचालक येतो.

या सगळ्यावर उपाय स्वस्त आहे. सत्कार एकत्र उरकावेत, शाली आधी सोडवून ठेवाव्यात, वाती तासभर आधी तेलात भिजवाव्यात, तबला लागेपर्यंत सूत्रसंचालकाने गप्प बसावं आणि साहेबांच्या खुर्चीकडे न बघता सहाला सुरुवात करावी. पण एवढं जमलं तर सूत्रसंचालकाला काम काय? आणि तो इतकं छान सांभाळून घेतो, तर हे सगळं जमवायचं कशाला?

कार्यक्रमानंतरच्या बैठकीत समितीने हाच विचार केला. पुढच्या वर्षीचा वक्ता अजून ठरलेला नाही. सूत्रसंचालकाला मात्र आगाऊ रक्कम देऊन झाली.