पोचवाले आप्पा

आप्पांची ओळख करून देण्यात अर्थ नाही, ते तुमच्याही सोसायटीत राहतात. पांढऱ्या शर्टाच्या खिशात निळं आणि लाल अशी दोन पेनं, काखेत प्लास्टिकचं फोल्डर, आणि त्या फोल्डरमध्ये प्रत्येक कागदाची दुसरी प्रत. आमचे आप्पा एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर निवृत्त झाले. कचेरी सुटली, आवक-जावक सुटली नाही. जगात त्यांचा देवावर आणि पोचेवर विश्वास आहे, त्यातही देवाची पोच मिळत नाही ही त्यांची जुनी तक्रार.

सोसायटीच्या सेक्रेटरींना ‘जिन्यातला दिवा गेला आहे’ हे ते तोंडी सांगत नाहीत. अर्ज देतात, दुसऱ्या प्रतीवर सही-तारीख घेतात आणि मग अंधारात धडपडत घरी जातात. दूधवाल्याला ‘उद्या अर्धा लिटर जास्त’ अशी चिठ्ठी देऊन त्याच्याकडून ‘चिठ्ठी मिळाली’ लिहून घेतलेलं मी पाहिलं आहे. पुतण्याच्या लग्नात आहेराचं पाकीट वरपित्याच्या हातात ठेवून ते तिथेच उभे राहिले. मागे रांग खोळंबली. वरपित्याला वाटलं, आशीर्वादाचे चार शब्द बोलायचे असतील. आप्पा हळूच म्हणाले, “पोच?”

अशा माणसाला बँकेचा निरोप येणं म्हणजे मोठीच पर्वणी. ‘केवायसी अद्ययावत करा’ असा तो निरोप. कमी जोखमीच्या ग्राहकाला साधारण दहा वर्षांतून एकदा ओळखीची कागदपत्रं पुन्हा दाखवावी लागतात. आप्पांचं काम चुटकीसरशी झालं. घोडं अडलं काकूंपाशी. (काकूंना कमी जोखमीचं गिऱ्हाईक म्हणणाऱ्या बँकेने त्यांच्या हातची भजी एकदा उचलून पाहावीत, इतकंच म्हणतो.) खातं दोघांचं, 1987 साली उघडलेलं. आधार आणि पॅनवर काकूंचं नाव ‘कुसुम दत्तात्रय पाटणकर’. बँकेत मात्र ‘पाटणकर कुसुमबाई डी’.

हे असं कसं झालं ते सांगायला ज्योतिषी नको. त्या काळी फॉर्म भरणाऱ्या कारकुनाने समोरच्या बाईला नुसतं ‘कुसुम’ म्हणणं बरं दिसेना म्हणून आदराने ‘बाई’ लावलं, आडनाव रीतीप्रमाणे आधी घातलं आणि रकान्यात जागा संपली तिथे दत्तात्रयांचा डी करून टाकला. पुढे खातेवह्या संगणकात चढल्या, त्यांच्याबरोबर हा आदरही चढला. आता आधारचं नाव आणि खात्याचं नाव शेजारी ठेवलं की संगणक म्हणतो, या दोन वेगळ्या बाया आहेत. आप्पांना ‘बाई’चं काही वाटलं नाही, ‘डी’चं फार लागलं. “डी म्हणजे मी हे तुम्हाला माहीत. बँकेच्या लेखी डी म्हणजे दगडूही असेल!”

त्या रात्री त्यांनी अर्ज लिहायला घेतला. टाइप करायला अर्थातच मी. ‘प्रति, माननीय शाखा व्यवस्थापक’ इथून जे सुरू झालं ते ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’ या वळणावरून चार पानं गेलं. त्यात खातं उघडलं तेव्हाच्या व्यवस्थापकांचा सौजन्यशील स्वभाव होता, काकूंचं माहेर होतं, मधल्या काळात बँकेने बदललेल्या तीन जागा होत्या. खाते क्रमांक तेवढा राहिला होता. तो आठवण केल्यावर ताजा कलम म्हणून आला.

काउंटरवरच्या मॅडम तरुण होत्या, पण धीराच्या. त्यांनी चारही पानं उलटली, शेवटच्या पानाची मागची बाजूही पाहिली आणि विचारलं, “काका, काकूंची सही कुठे आहे?”

आप्पा म्हणाले, “मी केलीय ना.”

“नाव कुणाचं दुरुस्त करायचंय?”

“हिचं.”

“मग सही?”

माझ्या ओळखीत आप्पा निरुत्तर झाल्याची ही एकमेव नोंद. या माणसाने जन्मभर अख्ख्या जिल्ह्याच्या सह्या गोळा केल्या, दूधवाल्याचीसुद्धा सोडली नाही. घरातली एक सही घ्यायची असते हे मात्र त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि ते एकटेच आहेत असं नाही. बायकोच्या नावचा अर्ज नवऱ्याने लिहायचा, नवऱ्याने नेऊन द्यायचा, नवऱ्यानेच सही ठोकायची, ही आपल्याकडची सर्वमान्य कार्यपद्धती आहे. बँक ती मान्य करत नाही, एवढ्या एका बाबतीत बँक आपल्या पुढे आहे. ज्याचं नाव दुरुस्त व्हायचं त्याची सही हवीच, आणि खातं संयुक्त असेल तर दोघांची असलेली बरी.

मॅडमनी मग लागणाऱ्या गोष्टी सांगितल्या. बँकेच्या संगणकात नाव खात्याला चिकटलेलं नसतं, माणसाला चिकटलेलं असतं. प्रत्येकाला एक ग्राहक क्रमांक असतो आणि बचत खातं, मुदत ठेवी, लॉकर असं सगळं त्याला जोडलेलं असतं. म्हणून अर्जात खाते क्रमांकाबरोबर काकूंचा ग्राहक क्रमांक हवा. तिथे एकदा नाव सुधारलं की त्या क्रमांकाला जोडलेल्या सगळ्या ठिकाणी सुधारतं. एकाच माणसाचे दोन क्रमांक निघाले, तर एकीकडे कुसुम आणि दुसरीकडे कुसुमबाई असा संसार चालू राहतो.

दुसरं, आधी घरचे कागद एकमेकांशी जुळतात का ते पाहायचं. आधारवर ‘दत्तात्रय’ आणि पॅनवर ‘दत्तात्रेय’ असेल, तर आधी ते निस्तरून मग बँकेत यायचं. नाहीतर बँकेने दुरुस्त करूनही एका कागदाशी भांडण उरतंच. हवं असलेलं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत, आधारवर जसं आहे तसं, मोकळ्या जागेसकट लिहायचं.

आप्पांनी विचारलं, “राजपत्र लागेल का?” आवाजात आशा होती. मॅडम म्हणाल्या, इथे फक्त ‘बाई’ आणि आद्याक्षराचा प्रश्न आहे, आधार-पॅनच्या स्वतः सही केलेल्या झेरॉक्स आणि पडताळायला मूळ प्रती पुरतील. नाव मुळातूनच बदललं असेल, म्हणजे माहेरचं जाऊन सासरचं आलं असेल आणि जुने कागद जुन्याच नावाचे असतील, तर सरकारी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली प्रसिद्धी लागते. आप्पांचा चेहरा पडला. राजपत्राची पोच त्यांच्या संग्रहात नव्हती.

दुसऱ्या खेपेला काकू आल्या, नवं लुगडं नेसून. आणि नवाच घोटाळा झाला. बँकेकडच्या सहीच्या नमुन्यात 1987 सालची सही होती. टपोरी, शाळकरी, आणि चक्क ‘कुसुमबाई’ अशी. कारकुनाने लिहिलं तसंच बिचारीने गिरवलं होतं. आता काकू ‘कुसुम पाटणकर’ अशी झरझर सही करतात, कारण मधल्या काळात त्यांनी महिला मंडळाची खजिनदारी केली आहे आणि तिथे चेकवर सही त्यांचीच चालते. हे आप्पांना ठाऊक होतं, पण कधी दिसलं नव्हतं. नाव बदलताना सहीचा नमुनाही नव्याने द्यावा, नाहीतर पुढचा चेक सही जुळत नाही म्हणून परत येतो, असं मॅडम म्हणाल्या. काकूंनी त्या छोट्या चौकटीत सफाईने सही केली. आप्पा चष्मा पुसून ती बघत राहिले आणि म्हणाले, “चांगली येते की तुला.”

शेवटी गेला तो अर्ज एका पानाचाच होता. तो असा:

“विषय: संयुक्त खात्यातील दुसऱ्या खातेदाराचे नाव ओळखपत्राप्रमाणे दुरुस्त करण्याबाबत.

महोदय, आमचे आपल्या शाखेत संयुक्त बचत खाते आहे. खाते क्रमांक व दुसऱ्या खातेदाराचा ग्राहक क्रमांक वर दिला आहे. दुसऱ्या खातेदाराचे नाव ‘पाटणकर कुसुमबाई डी’ असे नोंदले आहे. ते आधार व पॅनप्रमाणे ‘कुसुम दत्तात्रय पाटणकर’ असे करावे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत. याच ग्राहक क्रमांकाखालील ठेवी व लॉकर यांवरही दुरुस्ती व्हावी. सहीचा नवा नमुना व स्वाक्षांकित प्रती जोडल्या आहेत. नवे पासबुक व चेकबुक मिळावे. आपले विश्वासू,” आणि खाली दोन सह्या.

मॅडमनी दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला. आप्पांनी तो उजेडात धरून वाचला. ‘मिळाले. मजकूर तपासलेला नाही.’ आयुष्यभर पोच घेणाऱ्या माणसाला अशी सावध पोच प्रथमच मिळाली होती. रागावतील असं वाटलं, पण ते कौतुकाने म्हणाले, “हिला आमच्या टेबलावर घ्यायला हवी होती.”

चार पानी अर्ज माझ्याकडेच राहिला होता. कॉम्प्युटरवरून पुसण्याआधी शेवटचं पान वाचलं. टाइप करताना हात चालतो, डोकं चालत नाही. तिथे लिहिलं होतं: ‘सदर खाते दोघांपैकी कोणीही किंवा हयात या पद्धतीचे आहे. अर्जदाराचे वय पाहता, हयात राहणारी व्यक्ती बहुधा दुसरी खातेदार असेल. त्या वेळी तिला मृत्यूचा दाखला हातात घेऊन कुसुम आणि कुसुमबाई एकच हे आपल्या काउंटरवर सिद्ध करावे लागू नये, एवढ्यासाठी हा प्रपंच.’

एका पानात हे बसत नव्हतं म्हणून मॅडमनी काढायला सांगितलं. बरोबरच होतं त्यांचं, बँकेला त्याची गरज नव्हती. पण काकूंची सही घ्यायला विसरणारा हा माणूस तिच्यासाठी हा हिशेब मनात करून बसला होता, आणि त्याची तोंडी वाच्यता त्याने घरीसुद्धा केलेली नाही. आप्पांवरचा माझा राग तेव्हापासून बराच उतरला आहे. पूर्ण उतरणार नाही, कारण परवा त्यांना दिलेल्या आंब्यांची पेटी माझ्या दारात पोच मागायला उलट आली, रिकामी.

तेव्हा वाचकहो, आज कपाटातलं पासबुक काढा आणि दुसऱ्या खातेदाराचं नाव तिच्या आधारशेजारी ठेवून एकेक अक्षर वाचा. फरक दिसला तर एका पानाचा अर्ज करा, तिची सही तिलाच करू द्या, आणि दोघं मिळून बँकेत जाता येतंय तोवरच जा.