आदरार्थी एस

साहेब केबिनमध्ये एकटेच असले, तरी मराठीत ते 'बसले आहेत'. आजोबा घरात एकच, पण तेही 'आले', 'जेवले', 'झोपले'. मान द्यायचा म्हटला की आपण सरळ माणसाचं अनेकवचन करून टाकतो. म्हणून परदेशी ग्राहकाला निघालेल्या मेलमध्ये 'थँक यू फॉर युअर व्हॅल्युएबल अ‍ॅडव्हायसेस' असं वाचलं, की मला चूक दिसण्याआधी संस्कार दिसतात. एवढ्या मोठ्या माणसाचा सल्ला एकवचनात ठेवायचा तरी कसा? त्यापेक्षा एक एस लावून त्याला उठून नमस्कार केलेला बरा.

ऑफिसातल्या नव्या मुलांचे मेल बाहेर जाण्याआधी माझ्या नजरेखालून जातात. परवाच्या मेलमध्ये त्या नमस्कारानंतर लिहिलं होतं, 'वुई हॅव रिसीव्ड मेनी फीडबॅक्स. अवर स्टाफ्स आर वर्किंग ऑन देम. प्लीज सेंड दीज इन्फर्मेशन्स बाय फ्रायडे.' वाचताना कसं भरल्या घरात आल्यासारखं वाटलं. सगळेच अनेक, सगळेच कामात. आता यातले एस पुसणं हे काम सोपं दिसतं, पण एस हा भिंतीतल्या खिळ्यासारखा असतो. तो उपटला की त्यावर टांगलेलं सगळं खाली येतं. फीडबॅकचा एस गेला, तर 'मेनी' अधांतरी राहतो आणि 'देम'ला कुणाकडे बोट दाखवायचं तेच कळेनासं होतं. इन्फर्मेशनचा एस गेला, की 'दीज'चं 'धिस' करावं लागतं. एवढं करून 'अ‍ॅन इन्फर्मेशन' लिहिलं, तर तेही चालत नाही. इंग्रजीत माहितीला एक म्हणायची सोय नाही आणि अनेक म्हणायचीही नाही. फार तर 'सम' म्हणावं, किंवा 'अ पीस ऑफ' म्हणून तिचा एक तुकडा मोडून घ्यावा.

याचा दोष मातृभाषेला द्यावा, तर तोही पुरता लागू पडत नाही. 'सल्ले' आपण ढिगाने देतो, अभिप्रायही मोजून घेतो, तेव्हा तेवढ्यापुरतं ठीक. पण 'माहित्या पाठवा' असं मराठीत कुणीही म्हणत नाही. 'आमचा स्टाफ आला' असंच आपण म्हणतो, स्टाफ बारा जणांचा असला तरी. तोच माणूस इंग्रजी लिहायला बसला की त्याला काय होतं कोण जाणे. इंग्रजीत बहुधा सगळं जरा जास्तच असावं अशी त्याची समजूत असावी. फ्रेंच माणसाची गोष्ट वेगळी. त्याच्या भाषेत माहितीला रीतसर अनेकवचन आहे, तो बिचारा घरचंच घेऊन येतो.

मात्र त्या एसमध्ये काहीतरी सांगायचं असतं, हे विसरून चालत नाही. मी तो मेल लिहिणाऱ्या मुलीला विचारलं, "फीडबॅक्स म्हणजे नेमके किती आले गं?" ती म्हणाली, "तीन, सर. दोघांना रिपोर्टचा नमुना बदलून हवाय आणि एकाला तारीख." म्हणजे 'अ लॉट ऑफ फीडबॅक' लिहून व्याकरण सुटलं असतं, पण खरी बातमी बुडाली असती. मग वाक्य झालं, 'थ्री क्लायंट्स हॅव सेंट अस कमेंट्स.' कमेंट्स मोजता येतात, आणि त्यांना 'देम' म्हटलेलंही चालतं. स्टाफ्सची चौकशी केली, तर काम दोघंच करत होते. 'टू स्टाफ मेंबर्स' लिहिलं आणि 'स्टाफ इज' की 'स्टाफ आर' हा अमेरिकन-ब्रिटिश तंटाही परस्पर मिटला. 'स्टाफ्स'खाली संगणकाने लाल रेघ का मारली नाही, असं तिने विचारलं. मारणार कशी? माणसं नेमणं या अर्थाचं ते क्रियापदही आहे, आणि दोन वेगळ्या कंपन्यांचे कर्मचारीवर्ग म्हणायचे असतील, तर तोच एस तिथे मानाने बसतो.

पोरगी हुशार. आठवड्याभरात तिने एसचा असा काही नायनाट मांडला, की हिशेब खात्यातून निघालेल्या मेलमधल्या 'पेमेंट अ‍ॅडव्हायसेस'वरही तिने कात्री चालवली. तिथले जुने कॅशियर कागद घेऊन वर आले. "अहो, पैसे पाठवल्याची ही चिठ्ठी आहे, एकेक सुटी. बँकेच्या व्यवहारात हिला अ‍ॅडव्हाइस म्हणतात, आणि अशा चौदा आहेत," असं म्हणत त्यांनी त्या माझ्या टेबलावर एकेक करून मोजून ठेवल्या. मी तो एस परत लावून दिला. या वेळी त्यात आदर नव्हता, नुसती मोजदाद होती. पण कॅशियरसाहेब मात्र प्रसन्न होऊन गेले.