मशीनचे रोज बारा वाजतात

तासगावच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी बनवलेला तापमानाचा कंट्रोलर दिवसभर शहाण्यासारखा वागायचा आणि रात्री बाराच्या ठोक्याला स्वतःच रीसेट व्हायचा. रिले खट्‌कन पडायचा, कॉम्प्रेसर थांबायचा, काही मिनिटांनी पुन्हा सुरू. "साहेब, मशीनला भायेरचं कायतरी लागलंय बघा," मालक आबा फोनवर म्हणाले. मी साताऱ्याचा, एमआयडीसीत शेड टाकून बसलेला इंजिनिअर. भुताखेतावर माझा विश्वास नाही. म्हणून सगळा दोष मी विजेला दिला.

आधी पॉवर सप्लाय बदलला. मग आबांना खड्डा खणायला लावून, कोळसा-मीठ घालून, नवं अर्थिंग करून घेतलं. बाराचा खटका कायम. शेवटी माकडटोपी घालून मी स्वतःच त्या चार-पाच अंशांत रात्री जाऊन बसलो. बारा वाजले, खट्‌ झालं, आणि हाती काहीच लागलं नाही. वॉचडॉगने चिप रीसेट करताना सगळा पुरावा पुसून टाकला होता. परतताना कराडला चहा घेताना उजेड पडला: मशीनमधलं घड्याळ मीच लावलेलं आहे. त्यात भर दुपारी 23:58 भरता येतात. साताऱ्यात. पंख्याखाली.

चिप STM32F103, म्हणजे कॉर्टेक्स-एम3, रॅम 20 किलोबाइट. वॉचडॉग बंद केला, एसटी-लिंक जोडला, तासगावच्या नोंदी भरल्या, घड्याळ पुढे ढकललं. दोन मिनिटांनी प्रोग्रॅम `HardFault_Handler` मधल्या रिकाम्या लूपमध्ये गरगरत उभा. हार्ड फॉल्ट होतो तेव्हा प्रोसेसर जाता जाता आठ शब्द स्टॅकवर टाकून जातो. त्यातला सातवा म्हणजे जिथे घात झाला तो पत्ता. तो शोधला, तर निघाली सेन्सर वाचणारी साधी ओळ. दिवसातून शेकडो वेळा चालणारी, निरुपद्रवी. मग फॉल्टचे रजिस्टर विचारले:

```
(gdb) p/x *(unsigned *)0xE000ED28
$1 = 0x8200
(gdb) p/x *(unsigned *)0xE000ED38
$2 = 0x352e3430
```

पहिल्या उत्तराचा अर्थ, बस फॉल्ट नेमका पकडलाय आणि दुसऱ्या रजिस्टरमधला पत्ता खरा आहे. (हे वाचन होतं म्हणून बरं. लिहिताना फॉल्ट झाला तर प्रोसेसर पुष्कळदा पुढे निघून गेलेला असतो आणि सापडलेली ओळ भलतीच असते.) म्हणजे सेन्सरचा पॉइंटर `0x352e3430` कडे बोट दाखवत होता. या चिपमध्ये तिथे काहीही नाही.

पॉइंटर बिघडलाय म्हणून मी सेन्सरचा सगळा कोड पुन्हा लिहून काढला. मशीनचे पुन्हा बारा वाजले. त्या आकड्याकडे मी दुसऱ्या दिवशी नीट पाहिलं. सगळे बाइट तीस ते पस्तीसच्या घरातले, मध्ये एक 2E. ही तर अक्षरं! खालचा बाइट आधी धरून वाचलं: 30, 34, 2E, 35. म्हणजे "04.5". पॉइंटरमध्ये पत्त्याऐवजी बेदाण्याचं तापमान बसलं होतं.

आता ते तिथे लिहिलं कुणी? डीबगरमध्ये `watch` लावून त्या पॉइंटरवर पहारा बसवला. एम3 मध्ये यासाठी हार्डवेअरचीच सोय असते. पहारेकऱ्याने चोर पकडला तो मध्यरात्री दिवसभराचा अहवाल लिहिणाऱ्या फंक्शनमध्ये. दर दहा मिनिटांची नोंद, म्हणजे 144 ओळी, हे मी एकाच दमात जुळवून मेमरी कार्डावर लिहीत होतो आणि त्यासाठी फंक्शनच्या आतच `char buf[2048]` घेतला होता. स्टॅकला जागा उरली होती जेमतेम अडीच किलोबाइट. बफरशिवाय फाइलचा स्वतःचा अर्ध्या किलोबाइटहून मोठा पसारा आणि वर `snprintf` चं जेवणखाण. स्टॅक रॅमच्या वरच्या टोकाकडून खाली वाढतो. तो खालच्या ग्लोबल व्हेरिएबलांच्या अंगणात उतरला आणि पहिल्याच घरात तापमान लिहून आला.

गंमत पुढे आहे. फंक्शन संपलं की स्टॅक मागे सरतो. फॉल्टच्या वेळी म्हणून मी `sp` पाहिला तेव्हा तो अगदी सोवळ्यात. अहवालाची फाइलही कार्डावर पूर्ण, एक ओळ चुकलेली नाही. तीच पाहून मी त्या फंक्शनला निर्दोष सोडलं होतं. पहारेकऱ्याने चोर पकडला त्या क्षणी मात्र `sp` ग्लोबलांच्या हद्दीत होता.

घाईत मी बफरमागे `static` लावलं. त्याने दोन किलोबाइट फक्त स्टॅकमधून ग्लोबलांत गेले, रॅम तेवढीच. लिंकरने जागा नसल्याचं सांगून हाकलून दिलं. शेवटी अहवाल एकेक ओळ करून, 32 बाइटांच्या बफरने लिहिला. सुरुवातीलाच मोकळ्या स्टॅकमध्ये `0xA5A5A5A5` भरून ठेवलं आणि खोटी मध्यरात्र उलटल्यावर त्यातले किती शब्द शाबूत राहिले ते मोजलं. दीड किलोबाइटाहून जास्त उरलं होतं.

आबांना फोन केला, खुलासा केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे मशीननं गारठा बरोबर मोजला, पर भलत्याच जागी लिवला."

"अगदी बरोबर, आबा."

"मग माझ्या अंगणात खड्डा कशापायी खणलाय?"