भाऊसाहेबांचं 'कशासाठी?'

निविदा शाखेतले भाऊसाहेब तुम्हाला भेटलेले असणारच, म्हणून ओळख करून देत नाही. ठेकेदाराने बँकेचा सॉल्व्हन्सी दाखला पुढे केला की ते रकमेकडे बघतही नाहीत. पहिला प्रश्न: 'कशासाठी?' चहा आणला तरी 'कशासाठी?', लग्नपत्रिका दिली तरी 'कशासाठी?' माणूस वैताग आणतो यात शंका नाही. तरीही माझं म्हणणं असं की दाखल्याच्या बाबतीत हा प्रश्न अगदी बरोबर आहे. तो कागद काय सांगतो ते नीट वाचा. 'आमच्या माहितीप्रमाणे अमुक फर्म अमुक रकमेपर्यंतच्या व्यवहारास पात्र समजता येईल', आणि लगेच खाली, 'बँकेवर वा तिच्या अधिकाऱ्यांवर कोणतीही हमी वा जबाबदारी नाही.' मग हमीच नसेल तर एवढा कीस कशाला, असं ठेकेदार म्हणतात. उलट, हमी नाही म्हणूनच. बँक गॅरंटी असती तर पैसे वसूल करता आले असते. इथे हातात आहे ते फक्त बँकेचं एका तारखेचं, एका कामापुरतं मत. त्यातली तारीख आणि काम वजा केलं तर उरतं छापील लेटरहेड.

समजा काम २ कोटींचं आहे, अट ४० टक्क्यांची, म्हणजे दाखला ८० लाखांचा हवा, आणि निविदेच्या अखेरच्या तारखेआधी सहा महिन्यांहून जुना नको. आलेला दाखला पाच महिन्यांपूर्वीचा आहे, आकडा आणि अक्षरी रक्कम दोन्ही जुळतात. पण नाव एकट्या भागीदाराचं आणि खाली ओळ, 'मुलाच्या शिक्षण व्हिसासाठी'. एकल मालकी असती तर मालक आणि फर्म कायद्याने एकच. भागीदारीत मात्र फर्मचं नाव आणि बँकेत नोंदलेले सगळे भागीदार दिसायला हवेत. इथे बँकेने मत दिलंय एका बापाबद्दल, परदेशी वकिलातीसाठी. फर्म पूल बांधू शकेल का, हे बँकेला कुणी विचारलेलंच नाही. नेटवर्थचा दाखला जोडून ही फट बुजत नाही. तो सनदी लेखापाल देतो, ठरावीक तारखेची मालमत्ता वजा देणी सांगतो आणि त्यावरचा यूडीआयएन लेखापालांच्या संस्थेच्या पोर्टलवर पडताळता येतो. बँकेचं पत्र पडताळायचं तर शाखेलाच विचारावं लागतं, आणि तेही पत्रावर छापलेल्या नंबरवर नाही. भाऊसाहेब तो नंबर बँकेच्या संकेतस्थळावरून काढतात. (हे मात्र मला मनापासून आवडतं.)

एका ओळीपायी लहान ठेकेदार बाद होतो, ही तक्रार खरी आहे, आणि तिचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. पण भाऊसाहेबांनी निविदापूर्व बैठकीत वाटायला निविदेतल्या नमुन्याच्या प्रती काढून ठेवलेल्या असतात, प्रयोजनाच्या ओळीखाली लाल रेघ मारून. ती प्रत बँकेत नेणारे थोडे. बाकीचे ती घडी घालून खिशात ठेवतात आणि बाहेर पडताना एकमेकांना विचारतात, हा माणूस एवढा किचकट कशासाठी?